सकाळी वाघ, दुपारी शेळी: गरम झाल्यावर बॅकहोची ताकद जाते तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट. सांगोल्याच्या बाजूला एका शेततळ्याचं काम चालू होतं आणि मशीनमालकाचा फोन आला. "मिस्त्री, सकाळी मशीन वाघासारखं चालतंय, आणि अकरा-बारा वाजले की शेळी होतंय. मऊ माती ओढतंय, पण मुरूम लागला की बकेट जागेवर थांबती."

आमच्या भागात कुठल्याही कंपनीचं बॅकहो लोडर असलं तरी लोक त्याला जेसीबीच म्हणतात. त्यामुळे फोनवर ऐकून कोणतं मॉडेल ते कळत नाही, पण दुखणं मात्र बऱ्याचदा कळतं. या दुखण्याचा इतिहास मालकांनी तिथंच सांगितला. गेल्या आठ महिन्यांत रिटर्न फिल्टर तीनदा बदलला, टाकीतलं तेल दोनदा बदललं, आणि पाच महिन्यांपूर्वी नवा पंप बसवला. प्रत्येक वेळी काही दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. आधी आलेल्या फिटरने आठवड्यापूर्वी गेज लावून पाहिलं होतं. त्याला दुपारी २१५ बार प्रेशर मिळालं होतं. मॅन्युअलमध्ये २३० लिहिलंय, म्हणजे पंप ठीक आहे, कंट्रोल व्हॉल्वचा ब्लॉक गेलाय, असं त्याचं म्हणणं. ब्लॉकचा खर्च ऐकून मालकांनी मला फोन केला होता.

पुढचं सगळं या एका मशीनवरून लिहितोय. एकच गिअर पंप, साधी ओपन सेंटर सिस्टीम, पंप एका फेऱ्याला सुमारे ६० सीसी तेल देणारा. नवीन मशीनमध्ये पिस्टन पंप असेल तर केस ड्रेनमधून किती तेल परत येतं ते मोजतात, ती तपासणी वेगळी. काही मशीनमध्ये दोन भागांचा पंप असतो आणि जास्त लोड आला की त्यातला एक भाग मुद्दाम मोकळा सोडला जातो, तिथं लोडवर थोडं हळू होणं हा दोष नाही. हे आधी बघून घ्या, नाहीतर चांगलं मशीन खोलून बसाल.

सगळ्यात आधी ऑपरेटरला एकच प्रश्न विचारायचा: मशीन थंड असताना जास्त त्रास देतं की गरम झाल्यावर? निम्मं निदान या उत्तरात असतं. पंपाच्या तोंडाकडची जाळी, म्हणजे सक्शन स्ट्रेनर चोंदला असेल, तर त्रास सकाळी जास्त होतो. थंड तेल जाड असतं, ते जाळीतून लवकर येत नाही, पंप उपाशी राहतो आणि किंचाळतो. तेल तापून पातळ झालं की तोच पंप जरा गप्प होतो. उलट, आतून गळणाऱ्या मशीनला सकाळचं जाड तेल सांभाळून घेतं आणि दुपारचं पातळ तेल उघडं पाडतं. आमचं मशीन दुसऱ्या प्रकारचं होतं. म्हणून फिल्टर बदलून ते बरं होणारच नव्हतं.

फिल्टरबद्दल आणखी एक गैरसमज घट्ट बसलाय. रिटर्न फिल्टर चोंदला म्हणजे ताकद गेली, असं सगळे धरून चालतात. त्या फिल्टरला बायपास असतो. साधारण दीड-पावणेदोन बारचा अडथळा झाला की तो उघडतो आणि तेल न गाळता सरळ टाकीत जातं. त्यामुळे चोंदलेल्या रिटर्न फिल्टरने बकेटची ताकद फारशी कमी होत नाही. त्याने जे होतं ते दिसत नाही: घाण तेल पंपात फिरत राहतं. मग फिल्टर आणि तेल बदलल्यावर चार दिवस बरं का वाटतं? कारण नवं तेल जाड असतं, टाकीची लेव्हल पूर्ण असते, आणि बदलण्याच्या खटाटोपात मशीन दिवसभर थंड झालेलं असतं.

मी दुपारी दोनला पोहोचलो. मशीन बंद करू नका, चालू द्या, असं आधीच सांगून ठेवलं होतं. गरम मशीनचा आजार थंड मशीनवर दिसत नाही आणि मिस्त्री येणार म्हणून लोक हमखास मशीन सावलीत उभं करून ठेवतात.

पहिल्यांदा कान लावला. ऑपरेटरला म्हटलं, फुल रेस दे आणि बकेट कडक मुरमात घाल. चांगल्या मशीनमध्ये बकेट अडली की इंजिन दबतं, आवाज खाली येतो, धूर थोडा काळा होतो. इथं बकेट थांबली, पण इंजिन तितकं दबलं नाही. याचा अर्थ इंजिनात ताकद आहे, ती बकेटपर्यंत पोहोचत नाही. इंजिन दबून बंद पडायला आलं असतं तर मी हायड्रॉलिक सोडून डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टरकडे वळलो असतो. या दोन मिनिटांच्या तपासणीला पाना लागत नाही, पण ती कुणी करत नाही.

दुसरं पाहिलं की त्रास एकाच हालचालीला आहे की सगळ्यांना. बूम, डिपर, मागची बकेट, पुढचा लोडर, सगळंच ढिलं होतं. कमी रेसवर स्टिअरिंगही जड लागत होतं. पंपाचं तेल आधी स्टिअरिंगला आणि मग बाकीच्यांना जातं, त्यामुळे तेच जड झालं तर संशय एखाद्या सिलिंडरवरून उठून पंपावर जातो. फक्त बूम हळू असता तर मी बूम सिलिंडरचं सील आणि त्याचा स्पूल बघितला असता. सगळंच हळू असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक जागी असतो: सक्शन, पंप, आणि जादा प्रेशर झालं की तेल टाकीत सोडणारा मुख्य रिलीफ व्हॉल्व.

मग मोबाईलवर वेळ मोजला. रिकामी बकेट, फुल रेस, बूम जमिनीवरून पूर्ण वर. ६ सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तेल ४० अंशावर असताना, तेच काम ४ सेकंदांत झालं. कंपनीचा आकडा मिळाला नाही तरी चालतं, आपल्याच मशीनच्या दोन वेळा एकमेकींशी ताडून बघायच्या. मशीन चांगलं असताना हे आकडे केबिनमध्ये पेनाने लिहून ठेवणारा मालक मला अजून भेटायचाय.

आता तापमान. इन्फ्रारेड गन आज स्वस्त झाली आहे, पण ती चकचकीत धातूवर मारली तर आकडा कमी दाखवते. मी जिथं मोजायचं तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवतो आणि त्यावर मारतो. त्या दुपारी हवा ४२ अंशांवर होती. टाकीच्या खालच्या अंगाला ९३, सक्शन पाइपला ९२, पंपाच्या बॉडीला १०४. व्हॉल्व ब्लॉकला ९६. ऑइल कुलरमध्ये जाणाऱ्या पाइपला ९४, बाहेर येणाऱ्याला ९१.

या आकड्यांत सगळी गोष्ट आहे. हायड्रॉलिकमध्ये प्रेशरखालचं तेल काम न करता जिथून निसटतं, तिथं त्याची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. २०० बारवरून शून्यावर निसटलेलं तेल ढोबळमानाने ११-१२ अंशांनी तापतं. म्हणून गळती शोधायची तर उष्णता कुठं वाढते ते शोधायचं. पंपात आत येणारं तेल ९२ आणि पंपाची बॉडी १०४, म्हणजे तेल पंपाच्या आतच पुढून मागं पळतंय. रिलीफ व्हॉल्व सतत गळत असता, तर त्याच्या परतीचा पाइप असाच तापलेला सापडला असता. आणि कुलर फक्त ३ अंश कमी करत होता, म्हणजे तोही झोपलेला होता.

तेल इतकं तापल्यावर काय होतं ते ग्रेडच्या आकड्यावरूनच कळतं. टाकीत ४६ नंबरचं तेल होतं. हा ४६ म्हणजे ४० अंशांवरचा त्याचा जाडपणा. ९० अंशांवर तो जेमतेम ८-९ उरतो, म्हणजे पाचवा हिस्सा. फटीतून होणारी गळती जाडपणाच्या उलट प्रमाणात वाढते, तेव्हा सकाळी जिथून एक बादली तेल निसटत होतं तिथून दुपारी पाच बादल्या निसटतात. फट स्वतः वाढली तर परिणाम त्याहून वाईट: फट दुप्पट झाली की गळती आठपट. गळतीने उष्णता, उष्णतेने पातळ तेल, पातळ तेलाने झीज आणि पुन्हा गळती. हे चक्र एकदा सुरू झालं की ते दर दुपारी थोडं पुढं सरकतं.

आता त्या २१५ बारच्या कोड्याकडे येतो. आधीचा फिटर खोटं बोलत नव्हता. मीही फुल रेसवर, गरम तेलावर, ४०० बारचं गेज टेस्ट पोर्टला लावून, मागची बकेट शेवटपर्यंत ओढून तीन-चार सेकंद धरली. गेज २१५ वर थांबलं. (गेज लावण्याआधी बूम आणि लोडर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर दोन-तीनदा हलवून अडकलेलं प्रेशर सोडा, टाकीचं झाकण हळूहळू उघडा. ९३ अंशांचं तेल अंगावर उडालं तर कातडी सोलून निघते. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. २०० बारची बारीक धार कातडीत घुसते, वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, आणि तिला त्याच दिवशी ऑपरेशन लागतं.)

२१५ आणि २३०, फरक फार नाही, पंप चांगला असं वाटणं साहजिक आहे. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. हालचाल अडवून धरली तर झिजलेला पंपही बऱ्यापैकी प्रेशर दाखवू शकतो, कारण त्या वेळी त्याला बाहेर तेल द्यायचंच नसतं. म्हणून मी दोन गोष्टी आणखी केल्या. एक, रेस कमी करत गेलो. १५०० आरपीएमला गेज १४५ च्या आसपास आलं, १००० ला शंभरच्याही खाली. दोष फक्त रिलीफ व्हॉल्वचा असता, तर आकडा कमी दिसला असता खरा, पण तो रेसबरोबर इतका वर-खाली झाला नसता. रिलीफ ज्या आकड्याला उघडतो तिथंच बऱ्यापैकी थांबतो. रेस वाढवली की प्रेशर वाढतं आणि रेस सोडली की कोसळतं, याचा अर्थ पंप जेवढं तेल देतोय तेवढं सगळं आतून निसटतंय.

दुसरं, गेज तसंच राहू दिलं आणि मशीन रात्रभर थंड होऊ दिलं. मी तिथंच वस्तीवर थांबलो, कारण पहाटेचं रीडिंग घेतल्याशिवाय मला काही बोलायचं नव्हतं. सकाळी साडेसहाला, तेल ३८-४० वर असताना, तीच तपासणी केली. गेज २७० वर गेलं.

मालक खूश. "बघा, दमदार आहे की पंप!" पण मॅन्युअल २३० सांगत असताना २७० येणं ही आनंदाची बातमी नाही. कुणीतरी रिलीफचा स्क्रू आवळला होता. टॉर्चने पाहिलं तर लॉकनटवर पान्याचे ताजे ओरखडे होते. मालकांनी थोडं आठवून सांगितलं, पहिला पंप ढिला पडायला लागला तेव्हा कुणीतरी "ताकद वाढवून" दिली होती.

इथं पुन्हा पुन्हा पंप का जातो ते उलगडलं. जुना पंप झिजला, दुपारी प्रेशर पडायला लागलं. स्क्रू आवळून काही झालं नाही, कारण अडचण रिलीफची नव्हतीच. पण आवळलेला स्क्रू तसाच राहिला. मग नवा पंप आला, तो घट्ट होता, त्याने रोज सकाळी ताठ २७० बार दिलं. २३० साठी ठरवलेली सिस्टीम, त्यात आधीच्या पंपाची झीज तेलात मिसळलेली, आणि कुलर बंद. नवा पंप पाच महिने टिकला हेच नवल. आणि दुपारचा २१५ चा आकडा योगायोगाने २३० च्या जवळ होता, म्हणून सगळ्यांना पंप निरोगी वाटला. रिलीफ जागेवर असता तर सकाळी २३० आणि दुपारी २१५ आलं असतं आणि मीही कदाचित थोडा गोंधळलो असतो. रेस कमी करून बघण्याची सवय म्हणून सोडत नाही.

किती तेल निसटत होतं याचा अंदाज कागदावर काढता येतो. २२०० आरपीएमला ६० सीसीचा पंप मिनिटाला १३२ लिटर तेल देतो. २१५ बारला ते सगळंच आतून पळत होतं. गळती प्रेशरच्या प्रमाणात धरली, तर साधं खोदकाम चालतं त्या १२० बारला सुमारे ७४ लिटर पळतं आणि सिलिंडरला उरतं ५८. म्हणजे निम्म्याहून कमी. मऊ माती चालते पण निम्म्या वेगाने, आणि मुरमाला २०० च्या पुढे लागलं की बकेट थांबते. ऑपरेटर जे सांगत होता तेच. ७४ ला १२० ने गुणून ६०० ने भागलं की किलोवॉट मिळतात, साधारण १५. घरातल्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या हीटरसारखे एक-एक किलोवॉटचे पंधरा हीटर दिवसभर त्या टाकीत सोडले, असं समजा. मग तेल ९३ वर जाणार नाही तर काय होईल.

मी पंप लगेच काढला नाही. आधी कुलर. ऑइल कुलर इंजिनच्या रेडिएटरच्या पुढं असतो आणि बाहेरून हा कुलर स्वच्छ दिसत होता. पट्ट्या सोडून तो पुढं झुकवला तेव्हा दोघांच्या मधे गोधडी निघाली: उसाचं पाचट, धूळ आणि गळलेलं तेल यांचा दाबून बसलेला जाड थर. फडाच्या बांधावर काम केलेल्या मशीनला हे होतंच. हवा पंख्याच्या बाजूने बाहेर, म्हणजे नेहमीच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारली. वॉशिंग सेंटरची जोराची पाण्याची धार जवळून मारू नका, पात्या वाकतात आणि मग कुलर कायमचा अर्धा होतो. तेलकट थरावर साबणाचं पाणी अर्धा तास मुरू दिलं आणि साध्या पाइपने धुतलं.

त्या दुपारी टाकी ९३ ऐवजी ८४ वर थांबली आणि बूम ५ सेकंदांत वर गेला. मालक म्हणाले, "झालं की मिस्त्री. आता पंप कशाला खोलता? हंगाम काढू." मोह होतो, खरं सांगतो. चालू हंगामात मशीन दोन दिवस उभं राहणं मालकाला परवडत नाही. म्हणून मी वाद घातला नाही, फिल्टर काढून आणला.

जुना फिल्टर फेकून देणं म्हणजे रक्ताची तपासणी करून रिपोर्ट न वाचता फाडण्यासारखं आहे. फिल्टर हॅक्सॉने कापू नका, करवतीचा भुसा आत पडतो आणि मग कुठली झीज कुणाची ते कळत नाही. डबा उघडायच्या कटरने कडेने उघडला, आतल्या कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरल्या. बारीक चंदेरी चमक होती, उन्हात धरल्यावर जत्रेतल्या जरीसारखी. चुंबकाला ती चिकटली नाही, म्हणजे अॅल्युमिनियम, म्हणजे पंपाची बॉडी. मधे पिवळसर कण होते, ते पंपातल्या बुशप्लेटचे. चुंबकाला चिकटणारा काळा चुरा थोडा. रबराचे तुकडे नव्हते, म्हणजे सिलिंडरची सील अजून तग धरून होती. नुसता तपकिरी गाळ असता, तर मी टाकीचा ब्रीदर आणि सिलिंडरच्या तोंडची वायपर सील बघितली असती. मालकांनी ती चमक बोटाला लावून पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "काढा पंप."

पंप खोलल्यावर वेगळं काही निघालं नाही. गिअर पंपात प्रेशर गिअरना सक्शनच्या बाजूला ढकलतं, त्यामुळे बॉडी त्याच बाजूला खाल्ली जाते. नव्या पंपातही तिथं हलकी खूण पडते, ती काळजीची नसते. इथं नख अडकत होतं, फीलर गेजची ०.२५ मिमीची पट्टी सहज जात होती. बुशप्लेटवर गोल चरे. अशा पंपात नुसती सील किट घालून पाठवणारे आहेत, दहा दिवसांनी मशीन पुन्हा दारात येतं. बॉडी खाल्ली असेल तर पंप बदलायचाच.

पण नवा पंप सगळ्यात शेवटी बसवायचा. मशीन पुन्हा पुन्हा आजारी पडतं ते इथल्या घाईमुळे. या मशीनच्या टाकीत ७५ लिटर मावतात, पण सिलिंडर, पाइप, कुलर धरून सगळं तेल १३० लिटर आहे. मागच्या दोन्ही वेळी टाकीचा नट सोडून ७५ लिटर काढलं आणि "तेल बदललं" असं लिहिलं. उरलेलं ५५ लिटर, आधीच्या पंपाच्या चमकीसकट, सिलिंडरमध्ये वाट बघत होतं. आम्ही सगळे सिलिंडर मिटवले, प्रत्येकाचा होज सोडून जमेल तेवढं तेल काढलं, कुलर उलटा करून रिकामा केला. टाकीचं झाकण काढून हात घातला तर तळाला बोटभर चिखल. तो सुती कपड्याने पुसला, कॉटन वेस्ट वापरलं नाही, तिचे धागे पुन्हा जाळीत जाऊन बसतात. सक्शन स्ट्रेनर धुतला, त्याची तार एका जागी तुटलेली होती म्हणून बदलला. टाकीच्या ब्रीदरच्या जागी कापडाचा बोळा होता. नवा ब्रीदर काही फार महाग येत नाही, पण तो बोळा किती महिने होता ते कुणालाच आठवलं नाही.

मॅन्युअलमध्ये उष्ण भागासाठी ६८ नंबर लिहिलेला होता, तो घातला, बॅरलमधून थेट न ओतता बारीक गाळणी लावून. बॅरलमधलं नवं तेलही गिअर पंपाला पुरेसं स्वच्छ असतंच असं नाही. काहीजण ताकद यावी म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळतात. दुपारी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पंप जाळीतून तेल ओढताना किंचाळतो, आणि ते तेल या सिस्टीमसाठी नसतंच.

पंप बसवण्याआधी रिलीफचा स्क्रू दोन फेरे सैल केला. पंपात हाताने तेल भरलं, सक्शनचे जोड घट्ट केले, आणि कमी रेसवर पाच मिनिटं काहीही न उचलता फिरू दिला. कोरडा पंप पहिल्या मिनिटातच मरतो. सक्शनच्या जोडातून हवा ओढली जातेय का याची साधी तपासणी: टाकीत फेस येतो का बघा, आणि संशय असेल त्या जोडावर थोडं तेल ओता. पंपाचा आवाज बदलला तर हवा तिथूनच येतेय. नंतर एकेक हालचाल कमी रेसवर शेवटपर्यंत केली, म्हणजे उरलीसुरली घाण फिल्टरपर्यंत आली. मग तेल ५० अंशांवर आल्यावर रिलीफ हळूहळू आवळत २३० ला आणला, लॉकनट लावला आणि नट आणि बॉडी दोन्हीवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. कुणी हात लावला तर रेघ तुटलेली दिसेल.

दुसऱ्या दुपारी तीन वाजता, हवा ४१ वर, टाकी ७४ वर होती. बूम सकाळी ४ आणि दुपारी ४.४ सेकंद. गेज गरम तेलावर फुल रेसला २३० आणि १००० आरपीएमला २२५. मुरमात बकेट अडली की इंजिन दबू लागलं, तेव्हा ऑपरेटर माझ्याकडे बघून हसला. टाकी ८० च्या पुढे जायला लागली तर मशीन थांबवून कुलर बघायचा, असं त्याला सांगून ठेवलंय. त्यापुढे रबरी सील कडक व्हायला लागतात आणि तेलाचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

रिटर्न फिल्टर १० तासांनी एकदा आणि ५० तासांनी एकदा बदलला, दोन्ही कापून पाहिले. पहिल्यात चमक बरीच होती. ती जुनीच, पाइपांच्या कोपऱ्यांतून निघालेली. दुसऱ्यात शोधावी लागली. मागच्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो तेव्हा मशीन ओढ्याच्या कडेला उभं होतं. ऑपरेटर जेवायला बसला होता. मी वाकून रिलीफकडे पाहिलं. पिवळी रेघ सरळ होती, पण शेजारी पान्याचा एक नवा ओरखडा होता. कुणीतरी हात लावून, रेघ बघून, परत सोडून दिलं असावं.